किती आले, किती गळाले, का गळाले: प्रिस्माच्या प्रवाहाभोवती आढाव्याची फेरमांडणी

मागच्या वेळी आपण सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी, म्हणजे पद्धतशीर आढाव्यासाठी, शोध कसा घ्यायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढचं बोलू. शोध झाला, चाळणी झाली, निष्कर्ष निघाले, अहवालही लिहिला. आणि तो अहवाल परत आला. आमच्यावर हा प्रसंग आलेला आहे, म्हणून त्यावरूनच सुरुवात करतो.

विषय असा होता: गावातली आरोग्यसेविका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेते, त्याने पहिल्या २८ दिवसांतले बालमृत्यू कमी होतात का? अहवाल आम्ही विषयवार लिहिला होता. आधी आशियातले अभ्यास, मग आफ्रिकेतले, मग प्रशिक्षण, मग खर्च. वाचायला बरा वाटत होता. नियतकालिकाच्या परीक्षकाने मात्र तीनच प्रश्न विचारले. एक, तुम्ही २१ अभ्यास म्हणता, मग तक्त्यात त्याच गावांची तीच वर्षं तीनदा कशी येतात? दोन, १८०० मधून २१ वर कसे आलात, मधले कुठे गेले? तीन, मृत्यूची आकडेवारी नाही म्हणून काही अभ्यास सोडलेत, हे आधी ठरलं होतं का? तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे धड उत्तर नव्हतं.

आज जे आकडे सांगणार आहोत ते समजायला सोपे जावेत म्हणून आम्ही गोल करून, जुळवून घेतले आहेत. ते निष्कर्ष म्हणून कुठे वापरू नका. चुका मात्र खऱ्या आहेत.

प्रिस्मा नेमकं काय मागतं

प्रिस्मा म्हणजे आढावा कसा करावा याचे नियम नव्हेत. आढावा केल्यावर त्याबद्दल काय काय सांगितलं पाहिजे, याची ती यादी आहे. १९९९ मध्ये क्वोरम नावाचं एक निवेदन आलं होतं, ते फक्त यादृच्छिक चाचण्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिससाठी होतं. त्याची जागा २००९ मध्ये प्रिस्माने घेतली, आणि आज आपण वापरतो ती आवृत्ती प्रिस्मा २०२०. ती प्रसिद्ध झाली २०२१ मध्ये. तिच्यात २७ कलमं आहेत. आजच्या बोलण्यापुरतं सोळावं कलम महत्त्वाचं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो, शोधात सापडलेल्या नोंदींपासून शेवटी घेतलेल्या अभ्यासांपर्यंतचा प्रवास आकड्यांत सांगा, शक्यतो आकृतीने. दुसरा भाग म्हणतो, निकषांत बसतील असे वाटणारे पण तुम्ही वगळलेले अभ्यास नावानिशी सांगा, आणि का वगळले तेही.

बहुतेक जण पहिला भाग एक आकृती चिकटवून उरकतात आणि दुसरा विसरतात. आम्हीही तेच केलं होतं. आमची आकृती परिशिष्टात होती, शेवटी घाईने काढलेली, आणि मजकुराशी तिचा काही संबंध नव्हता. फेरमांडणी करायची म्हणजे काय, तर ती आकृती मागच्या पानावरून काढून निष्कर्षांच्या प्रकरणाच्या तोंडाशी आणायची आणि त्या प्रकरणातलं प्रत्येक वाक्य तिच्यातल्या कुठल्या तरी चौकटीशी बांधायचं. हे करायला बसलो तेव्हा कळलं की आमचा हिशेबच जुळत नाही.

नोंद, दस्तऐवज आणि अभ्यास

हिशेब न जुळण्याचं पहिलं कारण शब्दांत आहे. प्रिस्मा २०२० तीन गोष्टी वेगळ्या मोजायला सांगतं. डेटाबेसमध्ये दिसणारं शीर्षक आणि गोषवारा, ही झाली नोंद. प्रत्यक्ष हातात येणारा शोधनिबंध, प्रबंध, परिषदेतला गोषवारा किंवा चाचणी-नोंदणीतलं पान, हा झाला दस्तऐवज. आणि ज्या माणसांवर, ज्या गावांत, ज्या काळात प्रत्यक्ष काम झालं, तो अभ्यास. एका अभ्यासाचे अनेक दस्तऐवज असतात आणि एका दस्तऐवजाच्या अनेक नोंदी असतात, कारण तोच लेख पबमेडमध्येही सापडतो आणि एम्बेसमध्येही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बालकांच्या काळजीची क्षेत्रीय चाचणी केली. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’च्या पुरवणीत त्याच कामावरचे अनेक लेख आले, कुठे दहा वर्षांचे मृत्युदर, कुठे आजारांचं प्रमाण, कुठे विशिष्ट उपचाराचा परिणाम. हे सगळे दस्तऐवज वेगवेगळे आहेत, प्रत्येकात वेगळी माहिती आहे, आणि आढावा घेणाऱ्याने ते सगळे वाचायला हवेत. पण अभ्यास एकच. गावं तीच, बाळं तीच.

आता ते तीन लेख तीन अभ्यास म्हणून मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये घातले तर काय होईल? तीच बाळं तीनदा मोजली जातील. त्या एका ठिकाणच्या निकालाचं वजन फुगेल. शिवाय माहिती जास्त असल्याचा भास होऊन विश्वासांतर, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे ती पट्टी, उगाच अरुंद दिसेल. एकच अभ्यास दोनदा घातला तरी त्याची स्वतःची पट्टी सुमारे ३० टक्क्यांनी आक्रसते, आणि प्रत्यक्षात एकही नवं बाळ त्यात आलेलं नसतं. कार्यक्रमावर पैसा खर्च करायचा की नाही हे असल्या पट्टीकडे बघून ठरतं, म्हणून ही कारकुनी चूक समजून सोडून देता येत नाही.

हे ओळखायचं कसं? लेखकांची नावं पुरत नाहीत, ती बदलतात. आम्ही चार गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या: ठिकाण, कामाच्या तारखा, दोन्ही गटांतली संख्या आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक. यांतल्या दोन-तीन जुळल्या की संशय घ्यायचा, आणि तरीही उलगडा झाला नाही तर मूळ संशोधकांना पत्र लिहायचं. मग प्रत्येक अभ्यासाला आपला एक क्रमांक द्यायचा आणि त्याचे सगळे दस्तऐवज त्या क्रमांकाखाली बांधायचे. आमच्या २१ ‘अभ्यासांचं’ असं केल्यावर ते ११ निघाले.

हिशेबाचा ताळा

आमच्या जुन्या अहवालात एवढंच वाक्य होतं: ‘एकूण १८०० लेख सापडले, त्यांतून निकषांनुसार २१ अभ्यास निवडले.’ हेच आता पायरीपायरीने बघू.

डेटाबेसांतून आल्या १७७० नोंदी आणि चाचण्यांच्या नोंदणीतून ३०. मिळून १८००. त्यांत ५६० दुहेरी होत्या, त्या चाळणीआधीच काढल्या. उरल्या १२४०. शीर्षक आणि गोषवारा वाचून दोघा जणांनी स्वतंत्रपणे त्या चाळल्या आणि ११५० बाजूला केल्या. उरल्या ९०.

इथे आमची पहिली गफलत सापडली. जुन्या कागदांत ‘९० लेख वाचले, ७३ वगळले’ असं होतं. प्रत्यक्षात ९० वाचलेच नव्हते. ९० मागवले होते. त्यांतले ६ मिळालेच नाहीत. जुनी परिषद, बंद पडलेलं नियतकालिक, लेखकाचं उत्तर नाही. हे सहा आम्ही ‘वगळले’ मध्ये ढकलून दिले होते. पण न वाचलेला लेख वगळता येत नाही, तो फक्त हाताशी नसतो. प्रिस्मामध्ये त्यासाठी वेगळी चौकट आहे आणि ती ठेवण्यात अर्थ आहे. न मिळालेले सहा असतील तर वाचणारा एका नजरेने बघतो आणि पुढे जातो. चाळीस असतील तर त्याने थांबून विचार करायला हवा की हे सगळे एकाच प्रदेशातले तर नव्हते?

म्हणजे वाचले ८४. त्यांतले ६७ आम्ही वगळले होते, १७ ठेवले होते. मग २१ कुठून आले? उरलेले चार आम्हाला डेटाबेसमध्ये सापडलेच नव्हते. घेतलेल्या लेखांच्या संदर्भसूच्या चाळताना मिळाले होते, आणि आम्ही ते मुकाट्याने बेरजेत टाकले होते. प्रिस्मा २०२० च्या आकृतीत यासाठी उजवीकडे दुसरा स्तंभ आहे. संदर्भसूच्या, संकेतस्थळं, संस्थांकडून मिळालेलं, हे सगळं तिथे. जुने कागद काढून बघितलं तेव्हा संदर्भांतून १७ नोंदी उचलल्या होत्या. २ मिळाल्या नाहीत, १५ वाचल्या, ११ वगळल्या, ४ घेतल्या. या चारांपैकी तीन आधीच घेतलेल्या अभ्यासांचेच पुढचे लेख होते, एकच अभ्यास नवा होता. डाव्या आणि उजव्या स्तंभांची गंगा शेवटच्या चौकटीतच मिळते, त्याआधी मिसळायची नाही.

ताळा करण्याची रीत साधी आहे. प्रत्येक चौकटीतला आकडा म्हणजे वरच्या चौकटीतला आकडा वजा बाजूच्या चौकटीतला आकडा. जिथे वजाबाकी चुकते तिथे काहीतरी लपलेलं आहे. फक्त एक लक्षात ठेवा: शेवटच्या चौकटीत मात्र वजाबाकी चालत नाही, कारण तिथे मोजमापाचं एकक बदलतं. दस्तऐवजांचे अभ्यास होतात. म्हणून तिथे दोन्ही आकडे लिहायचे.

वगळण्याचं कारण

शीर्षक वाचून काढलेल्या ११५० नोंदींची कारणं एकेक करून द्यावी लागत नाहीत. पूर्ण वाचून वगळलेल्या प्रत्येक दस्तऐवजाचं मात्र कारण हवं. अडचण अशी की एक लेख तीन कारणांनी नापास होऊ शकतो. तिन्ही मोजली तर कारणांची बेरीज लेखांपेक्षा जास्त होते. म्हणून कारणांचा क्रम आधी ठरवायचा आणि जे पहिलं कारण लागू पडेल तेच नोंदवायचं. आमचा क्रम असा ठरला: हा मूळ अभ्यास आहे का, नवजात बाळांबद्दल आहे का, घरभेटीचा हस्तक्षेप आहे का, आणि तुलनेचा गट आहे का.

या क्रमाने ६७ लेख परत तपासताना परीक्षकाचा तिसरा प्रश्न समोर आला. पाच लेखांपुढे आम्ही लिहिलं होतं, ‘मृत्यूची आकडेवारी नाही’. आमच्या क्रमात हे कारण नव्हतंच. प्रोटोकॉल उघडून बघितला, तिथेही नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये पात्रता ठरत होती लोकांवरून, हस्तक्षेपावरून आणि तुलनेवरून. मृत्यू हा आम्ही मोजणार होतो असा परिणाम होता, पात्रतेची अट नव्हती. वाचता वाचता कंटाळलेल्या कुणीतरी, म्हणजे आमच्यापैकीच, ‘आपल्या उपयोगाचं नाही’ म्हणून शेरा मारला होता.

हे कारण वरवर निरुपद्रवी वाटतं, पण थोडा विचार करा. शेकडो बाळांच्या घरी महिनाभर जाणाऱ्या संशोधकांना त्यांतली किती दगावली हे माहीत नसेल का? बहुधा असतं, फक्त लेखात येत नाही. आणि कधी कधी येत नाही याचं कारण फरक दिसला नाही हेच असतं. असे अभ्यास आढाव्यातून काढले की ज्यांना फरक दिसला तेच उरतात, आणि हस्तक्षेप आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतो. म्हणून पात्रतेत बसणारा अभ्यास आढाव्यात राहतो. आकडे नसतील तर तो मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये जात नाही, एवढंच. ‘आढाव्यात घेतले’ आणि ‘बेरजेत घेतले’ हे दोन वेगळे आकडे आहेत.

ते पाच लेख परत आत आले. ते चार अभ्यासांचे निघाले. आता वगळलेले राहिले ६२: मूळ अभ्यास नसलेले ८, नवजातांची वेगळी माहिती नसलेले ११, घरभेटीचा हस्तक्षेप नसलेले २४, तुलनेचा गट नसलेले १९. उरलेले २२ आणि उजव्या स्तंभातले ४ मिळून २६ दस्तऐवज, आणि अभ्यास १५. त्यांतले ११ मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, ४ बाहेर, पण नावानिशी आणि कारणासह. त्या चौघांच्या संशोधकांना आम्ही मृत्यूची माहिती मागणारी पत्रं लिहिली. उत्तर येवो न येवो, पत्र पाठवलं हे अहवालात येतं.

दुसरी बाजूही सांगतो. समजा आमचा निकष ‘फक्त यादृच्छिक चाचण्या’ असा असता. गडचिरोलीतली गावं यादृच्छिक पद्धतीने वाटलेली नव्हती, त्यामुळे तो अभ्यास नियमाने बाहेर गेला असता. त्यात चूक काही नाही. पण या विषयात काम करणारा कोणीही यादीत आधी गडचिरोली शोधणार. ती दिसली नाही तर त्याला वाटेल, यांचा शोधच कच्चा होता. सोळाव्या कलमाचा दुसरा भाग यासाठीच आहे. ज्याची वाचक वाट बघेल तो अभ्यास कुठल्या पायरीवर, कुठल्या कारणाने गळाला, हे एका ओळीत सांगून टाकायचं.

मग अहवाल कसा मांडला

पद्धतीच्या प्रकरणात निकष आणि कारणांचा क्रम आधी आला, मग शोधाची ठिकाणं आणि तारखा, मग चाळणी कोणी आणि कशी केली ते. निष्कर्षांचं प्रकरण आकृतीने सुरू झालं आणि तिच्याखाली दोन परिच्छेदांत प्रवास. मग वगळलेल्यांपैकी महत्त्वाच्या अभ्यासांचा छोटा तक्ता. ६२ ची संपूर्ण यादी परिशिष्टात. मग १५ अभ्यासांची वैशिष्ट्यं, प्रत्येकाखाली त्याचे दस्तऐवज. त्यानंतर मेटा-अ‍ॅनालिसिस, पहिल्याच वाक्यात ‘१५ पैकी ११’. आशिया, आफ्रिका, खर्च ही जुनी चर्चा गेली नाही. ती शेवटी आली, आणि तिच्यातलं प्रत्येक विधान किती अभ्यासांवर उभं आहे हे आता दिसत होतं. खर्चावरचा आमचा दीड पानांचा ऐसपैस भाग एकाच अभ्यासावर उभा होता. तो तीन वाक्यांचा झाला.

मर्यादाही सांगायला हवी. प्रवाह नीट दाखवला म्हणजे आढावा चांगला झाला असं नाही. शोधच अपुरा असेल तर आकृती त्या अपुऱ्या शोधाचा चोख हिशेब देईल, बस. आकृती फक्त वाचकाला प्रश्न विचारायची सोय करून देते.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमच्या गटाने कारणं लिहूनच ठेवली नाहीत, फक्त शेवटची यादी आहे. आता आकडे मागून वजाबाकी करून काढले तर चालतील का?*

नाही. वजाबाकीने ताळा करायचा असतो, आकडा बनवायचा नसतो. शोधाच्या निर्यात केलेल्या फायली असतील तर तिथून परत सुरू करा. पूर्ण वाचायचे लेख सत्तर-ऐंशीच असतात, दोघांनी बसून एका आठवड्यात होतात. प्रत्येक नोंदीला एक ओळ असा साधा तक्ता करा: क्रमांक, कुठून आली, कशाची दुहेरी प्रत, चाळणीचा निर्णय, लेख मिळाला का, अंतिम निर्णय, पहिलं कारण, अभ्यास क्रमांक. आकृतीतला प्रत्येक आकडा या तक्त्यातून मोजून यायला हवा. फायलीच नसतील तर शोध आजच्या तारखेने नव्याने घ्या आणि तसं लिहा.

*आम्ही पाच वर्षांपूर्वीचा आढावा अद्ययावत करतोय. जुने अभ्यास कुठे दाखवायचे?*

त्यासाठी प्रिस्माची वेगळी आकृती आहे. तिच्यात जुन्या आढाव्यातून आलेल्या अभ्यासांची आणि दस्तऐवजांची स्वतंत्र चौकट असते, ती सरळ शेवटच्या बेरजेला मिळते. जुन्या चाळणीचे आकडे नव्या चाळणीत मिसळू नका. पण जुन्या यादीवर डोळे झाकून विसंबूही नका. आधी त्यातले दस्तऐवज अभ्यासांखाली बांधून बघा. आमचे २१ चे ११ झाले होते.